एसी चालू, हवा गरम

एप्रिलच्या मध्यावर विदर्भात पारा चाळिशी ओलांडतो आणि त्याच सुमारास गाड्यांचे एसी दुरुस्त करणाऱ्या दुकानांपुढे रांगा लागतात. तक्रार एकच असते, हवा गरम येते. निदानही बहुतेक ठिकाणी एकच ऐकू येतं, गॅस संपलाय. बॉनेट उघडतं, नळी जोडली जाते, सिलिंडरचा कॉक फिरतो, वीस मिनिटांत हवा जरा गार लागते आणि गाडीवाला पैसे देऊन निघतो. काही आठवड्यांनी तीच गाडी पुन्हा त्याच रांगेत दिसते.

अडचण अशी की गरम हवा हा एक बिघाड नव्हेच. पाच-सहा निरनिराळे बिघाड डॅशबोर्डच्या जाळीतून सारखीच कोमट हवा सोडतात आणि त्यांतल्या बऱ्याच बिघाडांचा गॅसशी काही संबंध नसतो. मात्र प्रत्येकाची गरम होण्याची वेळ वेगळी असते. एखादी गाडी महामार्गावर गार असते आणि सिग्नलला तापते. दुसरी सुरुवातीला गार असते, अर्ध्या तासाने हवेचा झोतच मंदावतो. तिसरी सकाळी ठीक चालते, दुपारी रुसते. मेकॅनिकच्या हातात गाडी पाच मिनिटं असते, मालक मात्र तिच्यात रोज तास-दीड तास बसतो. त्यामुळे निदानाचा अर्धा भाग मालकाकडेच असतो. तो त्याने नीट पाहून सांगितला, तर पुढचं काम सोपं होतं.

एसी थंडी निर्माण करत नाही, तो गाडीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो. दाबलेला गॅस तापतो आणि रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये जातो. तिथे बाहेरची हवा त्याची उष्णता काढून घेते आणि त्याचा द्रव होतो. हा द्रव बारीक छिद्राच्या झडपेतून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये शिरतो, तिथे दाब एकदम पडतो, द्रव उकळू लागतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता कॉइलवरून जाणाऱ्या हवेतून ओढून घेतो. भारतातल्या बहुतेक गाड्यांत जो आर-१३४ए नावाचा गॅस असतो, तो उघड्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांना उकळतो. म्हणजे या साखळीला दोन ठिकाणी वारा लागतो, कंडेन्सरवर बाहेरचा आणि कॉइलवर आतला. यांपैकी एक जरी अडला, तर गॅस भरपूर असूनही हवा गरम येते.

तपासणीची सुरुवात सीटवर बसूनच करता येते. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या आतलं तापमान सहज ६० अंशांच्या आसपास जातं. अशा गाडीत काचा बंद करून एसी लावला, तर पहिली दहा मिनिटं तापलेल्या सीटा आणि डॅशबोर्ड गार करण्यातच जातात, आणि हा बिघाड नव्हे. आधी दोन मिनिटं काचा उघड्या ठेवून गरम हवा बाहेर काढावी, मग काचा लावून आतलीच हवा फिरवण्याचं बटण दाबावं. हे बटण बाहेरच्या हवेवर राहून गेलं, तर ४२ अंशांची हवा सतत आत येत राहते आणि कुठलाही एसी तिच्यापुढे थकतो. ही चूक हास्यास्पद वाटेल, पण गाडी धुवून आणल्यावर किंवा दुसऱ्याने चालवल्यावर बटणं बदललेली असतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

मग जाळीतल्या हवेचं तापमान मोजावं. हाताला जाणवणाऱ्या गारव्यावर विसंबण्यापेक्षा स्वयंपाकघरातला सळईचा थर्मामीटर मधल्या जाळीत खोचलेला बरा. गाडी सावलीत, काचा बंद, आतली हवा फिरती, पंखा मधल्या वेगावर, आणि ॲक्सिलरेटर हलका दाबून इंजिनचे फेरे दीड हजारांच्या आसपास. पाच-सात मिनिटांनी चांगल्या एसीची हवा ६ ते १२ अंशांच्या दरम्यान येते. बाहेर ऊन फार कडक असेल, तर दोन-तीन अंश जास्त. १८-२० च्या वर आकडा अडकला, तर काहीतरी बिनसलं आहे हे नक्की.

हीटरकडेही एक नजर टाकावी. आपल्याकडे त्याची आठवण फक्त महाबळेश्वरला जाताना होते, पण त्यातून इंजिनचं गरम पाणी वर्षभर खेळत असतं. गार आणि गरम हवेचं प्रमाण ठरवणारी एक छोटी झडप डॅशबोर्डच्या आत असते. तिची मोटर किंवा केबल अडकली, तर कॉइलवर गार झालेली हवा पुढे हीटरवर जाऊन तापते. तापमानाचं बटण पूर्ण गारपासून पूर्ण गरमपर्यंत फिरवावं. हवेत फरकच पडत नसेल किंवा डॅशबोर्डमधून टकटक आवाज येत असेल, तर संशय या झडपेवर. दुसरी खूण अशी की सकाळी थंड इंजिनवर पहिली काही मिनिटं हवा छान गार असते आणि इंजिन तापेल तशी तीही तापत जाते, झोत मात्र तेवढाच राहतो. अशा गाडीत कितीही गॅस भरला तरी उपयोग नाही.

झोतच कमी झाला असेल, तर गोष्ट वेगळी. ग्लव्ह बॉक्सच्या कप्प्यामागे एसीचा फिल्टर असतो. बहुतेक गाड्यांत कप्पा दोन बाजूंनी दाबून खाली उतरवला, की तो पाच मिनिटांत बाहेर काढता येतो. धूळ, पिंपळाची पानं, कधी उंदराने आणून ठेवलेला कापूस, असं बरंच काही तिथे सापडतं. काही स्वस्त मॉडेलांत कंपनीने हा फिल्टर दिलेलाच नसतो, तिथे धूळ थेट कूलिंग कॉइलवर बसते. वारा अडला, की कॉइलला उष्णता मिळत नाही, तिचं तापमान शून्याखाली जातं आणि हवेतला दमटपणा तिच्यावर बर्फ होऊन साठतो. बर्फाने उरलेला वाराही अडतो. म्हणून अशी गाडी निघताना गार असते, चाळीसेक मिनिटांनी ब्लोअरचा आवाज पूर्ण पण झोत अगदी क्षीण होतो, आणि चहाला थांबून परत निघालं, की एसी पुन्हा ठणठणीत. मधल्या वेळात बर्फ वितळलेला असतो, आणि गाडीखाली पाण्याचं थारोळं दिसतं. फिल्टर स्वच्छ असूनही हे होत राहिलं, तर कॉइलचं तापमान पाहून कॉम्प्रेसर बंद करणारा सेन्सर तपासायला हवा. फिल्टर काहीशे रुपयांचा असतो आणि घरी बदलता येतो. कॉइलसाठी मात्र अनेक गाड्यांत सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

त्या पाण्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकणं ही चांगली खूण, असं सगळे सांगतात आणि ते खरंही आहे. पण मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या दमट हवेत जेवढं पाणी पडतं, तेवढं नागपूर-चंद्रपूरच्या कोरड्या मे महिन्यात पडणार नाही. तिथे हवेत पाणीच कमी असतं. कोकणात ठिबकणं पूर्ण थांबलं, तर कॉइल गार होत नाही किंवा पाणी जाण्याची नळी तुंबली आहे असं समजावं. नळी तुंबली असेल, तर पुढच्या सीटखालचा गालिचा ओला लागतो.

आता सगळ्यात जास्त चुकीचं निदान होणारा प्रकार. समजा, सात वर्षांची पेट्रोलवर चालणारी एक छोटी गाडी नाशिकहून मुंबईला निघाली. कसारा घाट उतरून भिवंडी-ठाण्यापर्यंत जाळीतली हवा ९ अंशांची. ठाण्यात वाहतूक तुंबली, गाडी रांगू लागली आणि पाच मिनिटांत आकडा २२ वर गेला. रस्ता मोकळा झाला, पुन्हा १० वर आला. गॅस कमी असता, तर महामार्गावर इतकी गार हवा आली नसती. चालत्या गाडीत आणि थांबलेल्या गाडीत मुख्य फरक कंडेन्सरवरच्या वाऱ्याचा. ८० च्या वेगाला वारा फुकट मिळतो, थांबल्यावर तो पंख्याने द्यावा लागतो. पंखा नसेल, तर गॅसची उष्णता बाहेर जात नाही, कंडेन्सरमधला दाब चढत जातो, साधारण ३० बारच्या पुढे गेल्यावर दाबाचा स्विच कॉम्प्रेसरच बंद करतो. थोडा निवला, की पुन्हा चालू. थांबल्यावर कॉम्प्रेसरचे फेरेही कमी होतात, त्यामुळे सिग्नलला तीन-चार अंशांचा फरक चांगल्या गाडीतही पडतो. बारा-तेरा अंशांचा फरक हा बिघाडच.

या गाडीची तपासणी घराच्या पार्किंगमध्ये होऊ शकते. हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन सुरू करावं, बॉनेट उघडावं, एकाने आत बसून एसी लावावा आणि दुसऱ्याने लांबून पाहावं. ओढणी, टाय, लोंबती बाही, हात यांपैकी काहीही पट्ट्याजवळ किंवा पंख्याजवळ जाता कामा नये. इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. एसी लावल्यावर कॉम्प्रेसर सुरू झाला आणि पुढचा पंखा एक-दोन मिनिटांतही फिरला नाही, तर धागा हाती लागला. पंखा दाबाच्या सेन्सरवर चालणाऱ्या गाड्यांत गॅस फार कमी असेल, तरीही तो सुरू होत नाही, म्हणून आधी कॉम्प्रेसर चालू असल्याची खात्री हवी.

पंखा फिरत असला तरी कंडेन्सर झाकलेला असू शकतो. पुढच्या जाळीतून टॉर्च टाकून पाहिलं, की चिखल, मेलेले किडे, प्लास्टिकची पिशवी दिसते. जुने कारागीर इथे एक साधी परीक्षा करतात. इंजिन आणि एसी चालू ठेवून झाडांना पाणी मारायच्या फवाऱ्याने पुढच्या जाळीतून फक्त कंडेन्सरवर पाण्याचा शिडकावा करायचा. मिनिटभरात डॅशबोर्डच्या जाळीतली हवा २२ वरून १२-१३ वर आली, तर गॅस आणि कॉम्प्रेसर दोघेही निर्दोष, दोष वाऱ्याचा. कंडेन्सर धुवायचा असेल, तर थंड इंजिनवर, साध्या नळाच्या पाण्याने. जोराच्या प्रेशर वॉशने त्याच्या पातळ पात्या वाकतात आणि वारा कायमचा अडतो.

पंखा अजिबात फिरत नसेल, तर बॉनेटखालच्या फ्यूजच्या डब्याचं झाकण उलटं करावं, त्यावर कुठला फ्यूज आणि कुठला रिले कशाचा आहे ते छापलेलं असतं. फ्यूज जळला असेल, तर त्याच अँपियरचा लावावा, मोठा कधीच नाही. पंख्याचा आणि हॉर्नचा रिले सारख्याच क्रमांकाचा असेल, तर गाडी बंद करून दोघांची अदलाबदल करता येते. पंखा फिरू लागला आणि हॉर्न गप्प झाला, तर बिघाड रिलेचा. आपल्या उदाहरणातल्या गाडीत तसं झालं नाही. फ्यूज ठीक, रिले ठीक, पण पंख्याच्या मोटरला लाकडी काठीने हलकं ठोकल्यावर पंखा फिरला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबला. मोटरचे कार्बन ब्रश झिजले होते. एवढं कळलं की गॅसचं बिल देण्याचं कारण उरत नाही. शिवाय हाच पंखा रेडिएटरलाही वारा देतो, म्हणजे आज गरम हवा आणि उद्या तापलेलं इंजिन. तापमानाचा काटा वर चढत असेल, तर इंजिनचा संगणक एसी स्वतःच तोडतो. अशा वेळी एसी विसरून कूलंट पाहावं, तेही इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच.

कॉम्प्रेसरच सुरू होत नसेल, तर कान आणि डोळे दोन्ही वापरावे लागतात. बहुतेक गाड्यांत एसीचं बटण दाबल्यावर ‘टक’ असा आवाज येतो आणि पुलीच्या पुढची चकती फिरू लागते. हा चुंबकी क्लच. १९४० च्या सुमारास अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने गाडीत एसी दिला, तेव्हा असा क्लच नव्हता. एसी पूर्ण बंद करायचा, तर इंजिन थांबवून पट्टा उतरवावा लागे. आता काही नव्या गाड्यांत पुन्हा क्लच नसलेला कॉम्प्रेसर येतो, म्हणून ‘टक’ ऐकू आलं नाही, तर घाबरण्याआधी मॅन्युअल पाहावं. क्लच असूनही लागत नसेल, तर फ्यूज, रिले, तुटकी वायर, किंवा गॅस इतका कमी की खालच्या दाबाचा स्विच कॉम्प्रेसर लागूच देत नाही. चकती दर काही सेकंदांनी लागते आणि सुटते, तीही बहुतेक वेळा कमी गॅसची खूण असते. आणि सकाळी चालणारा, इंजिन तापल्यावर सुटणारा क्लच असेल, तर चकती आणि पुली यांतली फट झिजून वाढलेली असू शकते. ही फट जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असावी लागते. क्लचच्या गरम झालेल्या कॉइलचं चुंबक अशक्त होतं आणि वाढलेली फट ओलांडू शकत नाही. अनेक क्लचमध्ये एखादा वॉशर काढून हे दुरुस्त होतं. पूर्ण कॉम्प्रेसर बदलायला सांगणाऱ्याला हे आधी विचारायला हवं.

एवढं सगळं पाहून झाल्यावर गॅसकडे यावं. छोट्या गाडीत तो साधारण अर्ध्या किलोच्या आत असतो. नेमका आकडा बॉनेटखालच्या छोट्या स्टिकरवर ग्रॅममध्ये छापलेला असतो. हा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, बंद नळ्यांत तोच फिरत राहतो. रबरी नळ्या आणि सील यांतून थोडा झिरपतो हे खरं, पण किती? युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमाने एका कॉइलच्या गाडीतून वर्षाला ४० ग्रॅमपेक्षा जास्त गळती चालत नाही. ४५० ग्रॅमच्या गाडीतून ही कमाल गळती धरली, तरी निम्मा गॅस जायला पाच वर्षांहून जास्त काळ लागतो. त्यामुळे दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो, ही गोष्ट नेहमीची देखभाल मानू नये. कुठेतरी गळती आहे आणि ती कुणी शोधलेली नाही.

गळतीची खूण डोळ्यांना दिसू शकते. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं, गॅस उडून जातो पण तेल मागे राहतं आणि त्यावर धूळ चिकटते. नळ्यांचे सांधे, कंडेन्सरला खडा लागलेली जागा, कॉम्प्रेसरचं तोंड आणि गॅस भरायचे दोन व्हॉल्व्ह, इथे काळपट तेलकट डाग पाहावेत. व्हॉल्व्हचं टोपण काढून साबणाच्या पाण्याचा थेंब टाकला आणि बुडबुडा फुगला, तर गळती सापडली, आणि ती सगळ्यात स्वस्त निघते. यापुढे मात्र मालकाने हात घालू नये. सांधा सैल केला, तर उडणारा गॅस बोटं आणि डोळे गोठवू शकतो.

दुकानातल्या एका पद्धतीपासून विशेष सावध राहावं. गाडी बंद असताना गेज लावून ‘प्रेशर बरोबर आहे, गॅस पूर्ण आहे’ असं कुणी म्हटलं, तर ते अर्धवट ज्ञान आहे. ३५ अंशांच्या दुपारी बंद गाडीत काटा साधारण ११५ पीएसआय दाखवतो. आत ४५० ग्रॅम असो की २०० ग्रॅम, थोडा जरी द्रव शिल्लक असला, तरी काटा तिथेच राहतो, कारण तो दाब तापमानावर ठरतो, प्रमाणावर नाही. चालत्या इंजिनवरचे दोन्ही बाजूंचे दाब आणि जाळीचं तापमान मिळून अंदाज देतात, पण किती ग्रॅम आहे ते कळायला गॅस बाहेर काढून तोलावाच लागतो. अंदाजाने वरून भरणं म्हणूनच धोक्याचं. शंभर ग्रॅम जास्त झाला, तर कंडेन्सरमध्ये द्रवाची गर्दी होते, दाब चढतो आणि हवा पुन्हा गरम. मग कुणीतरी आणखी गॅस भरतो.

योग्य काम असं असतं. आतला गॅस यंत्राने काढून तोलायचा. गळती शोधायची, नायट्रोजनच्या दाबाने किंवा अतिनील दिव्याखाली चमकणाऱ्या रंगाने. ती दुरुस्त करायची, मग व्हॅक्यूम पंप अर्धा-पाऊण तास चालवायचा. व्हॅक्यूममध्ये पाणी साध्या तापमानालाच उकळून बाहेर पडतं. ते आत राहिलं, तर झडपेच्या बारीक छिद्रात त्याचा बर्फ होतो आणि पुढे तेलात आम्ल तयार होतं. पंप बंद करून दहा-पंधरा मिनिटं काटा हलत नाही हे पाहायचं, आणि शेवटी स्टिकरवरचा आकडा तोलून भरायचा. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत कॉम्प्रेसरचं तेल वीजरोधक लागतं, तिथे साध्या दुकानाचं तेल मिसळलं तर प्रकरण महागात पडतं. त्या गाड्या ते काम जाणणाऱ्याकडेच न्याव्यात.

दुकानात जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. हवा कधी गरम होते, तेव्हा झोत कमी होतो का, कॉम्प्रेसर लागतो का, आणि पुढचा पंखा फिरतो का. काम झाल्यावर बिलावर तीन गोष्टी मागून घ्याव्यात. आधी किती ग्रॅम गॅस निघाला, गळती कुठे सापडली, आणि पुन्हा किती ग्रॅम भरला. हे आकडे द्यायला तयार नसलेल्या दुकानात गॅस भरू नये.